विलमध्ये पोरांचा पालक नेमायचा असेल तर: आईबाबा दोघांनी काय लिहायचं आणि कोर्ट त्याच्याकडे कसं बघतं

नागपुरात विल करायला येणाऱ्या तरुण जोडप्यांचं साधारण असं असतं की फ्लॅट कोणाला, एफडी कोणाला, दागिने कोणाला हे सगळं ठरवून आलेले असतात आणि पोरांचं विचारलं की म्हणतात, त्यांचं काय, घरचे आहेत ना. पण घरचे म्हणजे नेमके कोण? आजीआजोबा काटोलला, मावशी प्रतापनगरला, आत्या पुण्याला, आणि सगळ्यांचाच पोरांवर जीव. दोघंही नवराबायको गेल्यावर भांडण बहुतेक वेळा जीव नसलेल्यांत होत नाही, जीव असलेल्यांतच होतं, म्हणून हे लिहून ठेवायचं.

या लेखात मी मुख्यतः हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व अधिनियम १९५६ धरून बोलणार आहे, अज्ञान म्हणजे कायद्याच्या भाषेत १८ च्या आतलं पोर. तो हिंदूंसोबत बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे, म्हणजे नागपुरातल्या बऱ्याच मोठ्या लोकसंख्येला. मुस्लिम, ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांचे नियम वेगळे आहेत, सुन्नी कायद्यात तर आईला स्वतःच्या विलनं पालक नेमायचा हक्क साधारणपणे नाहीच, त्यामुळे त्यांनी आपल्या कायद्याचा जाणकार वकीलच गाठावा.

आता एक कुटुंब समोर ठेवू, म्हणजे बोलायला सोपं जाईल. समजा नवरा हिंगण्याच्या एमआयडीसीत नोकरीला, बायको शाळेत शिक्षिका, मानेवाड्यात दोघांच्या नावावर फ्लॅट, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा. नवऱ्याच्या वडिलोपार्जित संत्र्याच्या बागेत हिस्सा आहे, बाग काटोलला, अजून वाटणी झालेली नाही आणि सगळं मोठा भाऊ म्हणजे पोरांचे काका बघतात. नवऱ्याचा एक कोटीचा टर्म इन्शुरन्स आहे. पोरं शाळा सुटल्यावर रोज मावशीकडे असतात. दोघांचंही म्हणणं एकच, की आपल्याला काही झालं तर पोरं मावशीकडे राहावीत.

पहिलं काम: विल एकानं नाही, दोघांनी करायचं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. नवरा विल करतो, त्यात पालक म्हणून कोणाचं तरी नाव टाकतो आणि दोघांना वाटतं झालं काम. पण या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे बाप आधी गेला आणि आई जिवंत असली तर बापानं विलमध्ये केलेली नेमणूक चालतच नाही, कारण आता आई स्वतःच नैसर्गिक पालक आहे. ती नेमणूक मेलेली मात्र नसते, झोपलेली असते. नंतर आईही गेली आणि तिनं स्वतःच्या विलनं कोणालाच नेमलेलं नसलं तर बापाची जुनी नेमणूक परत जिवंत होते. आईनं नेमलेलं असलं तर आईचंच चालतं.

आपल्या कुटुंबात बघा काय होऊ शकतं ते. समजा नवऱ्यानं लग्नानंतर लगेच, मुलगी झाल्या झाल्या विल केलं होतं आणि त्यात स्वतःच्या बहिणीचं, पुण्याच्या आत्याचं नाव टाकलं होतं. नंतर तो गेला. बायकोनं पुढची काही वर्षं पोरं वाढवली, पोरं मावशीच्या अंगाखांद्यावर मोठी झाली, आणि बायकोही विल न करता गेली. आता कागदावर पालक कोण? पुण्याची आत्या. तिला कदाचित स्वतःलाही आठवत नसेल की तिचं नाव कुठं लिहिलंय.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. नवरा जिवंत असताना बायको आधी गेली तर तिच्या विलमधली पालकाची नेमणूक सहसा काही कामाची नाही, कारण कलम ९ आईला हा हक्क देतं तो ती विधवा असेल तेव्हा किंवा बाप कायद्यानं नैसर्गिक पालक राहायला अपात्र ठरला असेल तेव्हा. म्हणजे ती आधी गेली आणि नवरा पुढं विल न करताच गेला, तर मावशीचं नाव बायकोच्या विलमध्ये कितीही स्पष्ट लिहिलेलं असलं तरी ते नुसतं आईची इच्छा म्हणून दाखवता येईल, नेमणूक म्हणून नाही.

आणि दोघं एकाच अपघातात गेले तर? समृद्धीवर जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या मनात हे येतंच. कोण आधी गेलं यावरून उत्तर बदलू शकतं. म्हणून उपाय एकच आणि तो फुकटचा आहे: दोघांनी वेगवेगळी दोन विलं करायची आणि दोन्हीत पालकाचं नाव तेच, पर्यायी पालकाचं नावही तेच, क्रमही तोच. मग कोण आधी गेलं याचा फरकच पडत नाही. दोघांनी मिळून एकच कागद करायचा मोह टाळा, एकानं नंतर बदल करायचा म्हटला की त्यात गुंता होतो.

घटस्फोट झालेल्या आयांसाठी एक गोष्ट

मुलाचा ताबा माझ्याकडे आहे, मी विलमध्ये माझ्या भावाचं नाव टाकते, म्हणजे मुलगा बापाकडे जाणार नाही, असं खूप जणी धरून चालतात. तसं होत नाही. बाप जिवंत आहे आणि अपात्र ठरलेला नाही तोवर तुमचं विल त्याला बाजूला सारू शकत नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये आईच्या आजारपणात मावशीकडच्यांनी सांभाळलेली लहान मुलगी आईच्या मृत्यूनंतर वडिलांकडे द्यायचा मुंबई हायकोर्टाचा आदेश सुप्रीम कोर्टानं कायम ठेवला होता. पण बापाचा हक्क म्हणजे दगडावरची रेघ असंही नाही. २००८ च्या एका निकालात बापावर हुंड्यासाठी छळाचा आणि बायकोच्या मृत्यूचा खटला होता, नातू आजोळी वाढत होता, आणि खालच्या कोर्टांनी त्याला बापाकडे द्यायला सांगितलेलं असताना सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं, मुलाशी स्वतः बोलून त्याची इच्छाही ऐकली. तुमच्या बाबतीत असं गंभीर काही असेल तर विलमध्ये ते तारखांसकट लिहा आणि एफआयआर, कोर्टाचे आदेश, डॉक्टरचे कागद त्यासोबत सांभाळून ठेवा. नुसतं "त्याच्याकडे देऊ नये" या वाक्याला वजन नाही.

नाव ठरवताना

आधी त्या माणसाला विचारा, आणि त्याच्या नवऱ्या किंवा बायकोसमोर विचारा. पालक व पाल्य अधिनियम १८९० च्या कलम १७ मध्ये सरळ लिहिलंय की कोर्ट कोणाला त्याच्या इच्छेविरुद्ध पालक नेमणार नाही, आणि कोर्टात अर्ज करताना होणाऱ्या पालकाची लेखी तयारी दोन साक्षीदारांच्या सहीनं लावावी लागते. आज मावशी हो म्हणाली तर तिच्याकडून साध्या कागदावर चार ओळी लिहून घ्या. त्या तिला बांधत नाहीत पण पुढं हे आयत्या वेळचं नाही हे दाखवायला कामाला येतात.

जोडप्याला मिळून नेमू नका, असं माझं मत आहे. मावशी आणि मावसाजी असं लिहिलं आणि उद्या त्यांचंच फाटलं तर? मावशी एकटीचं नाव लिहा. तिच्यानंतर पर्यायी म्हणून दुसरं एक नाव नक्की हवं, कारण पहिल्या माणसानं नकार दिला किंवा तो आधीच गेला तर तुमचं विल पालकाच्या बाबतीत कोरं होतं. आजीआजोबांबद्दल लोक अडखळतात, वय झालंय म्हणून. २०२२ मध्ये कोविडमध्ये आईबाप गेलेल्या गुजरातमधल्या एका मुलाच्या केसमध्ये हायकोर्टानं त्याला मावशीकडे दिलं होतं, तिचं कमी वय, सरकारी नोकरी वगैरे बघून, आणि सुप्रीम कोर्टानं ते फिरवून त्याला वडिलांकडच्या आजीआजोबांकडे दिलं, वय आणि पगार एवढ्यावर हे ठरत नाही म्हणून. म्हणजे आजीआजोबांचं नाव टाकायला हरकत नाही, पण मुलगा ४ वर्षांचा असेल तर पुढची १४ वर्षं मोजा आणि पर्यायी नाव तरुण ठेवा.

विलमध्ये नेमकं काय लिहायचं

"माझ्यानंतर मुलांना मावशीनं सांभाळावं" हे वाक्य भावनेला ठीक आहे, पण ते नेमणूक आहे की इच्छा यावरच वकील दोन तारखा भांडतील. वाक्य साधारण असं ठेवा:

"माझ्या मृत्यूनंतर, आणि माझी पत्नी हयात नसल्यास, माझी अज्ञान मुलगी (पूर्ण नाव, जन्मतारीख) व अज्ञान मुलगा (पूर्ण नाव, जन्मतारीख) यांच्या शरीराचे तसेच त्यांच्या स्वतंत्र मिळकतीचे पालक म्हणून मी (पूर्ण नाव, वय, पत्ता), मुलांची सख्खी मावशी, यांची नेमणूक करीत आहे. त्या हयात नसल्यास, त्यांनी नकार दिल्यास किंवा त्या असमर्थ असल्यास (पर्यायी व्यक्तीचे पूर्ण नाव, वय, पत्ता, नाते) यांची नेमणूक करीत आहे. यापुढे मला होणाऱ्या अपत्यांनाही हीच नेमणूक लागू राहील."

बायकोच्या विलमध्ये "पत्नी" च्या जागी "पती". शेवटचं वाक्य विसरू नका, दुसरं लेकरू विलनंतर झालं की पहिलं नावानिशी आत आणि दुसरं बाहेर असं होतं.

आता याच्या खाली जो परिच्छेद येतो तो माझ्या मते सगळ्या विलमधला सगळ्यात मोलाचा आणि तोच लोक लिहीत नाहीत: कारणं. कोर्टासमोर उद्या तुम्ही नसणार, तुमच्या वतीनं फक्त हा परिच्छेद बोलणार. लिहा की मुलगी पहिलीपासून शाळा सुटल्यावर मावशीच्या घरी असते, मुलाला दम्याचा त्रास आहे आणि त्याचा पंप कधी द्यायचा ते मावशीला माहीत आहे, दोघांची शाळा मावशीच्या घरापासून जवळ आहे, दोघं भावंडं एकत्र राहावीत अशी आमची इच्छा आहे, आणि काका व आजीआजोबांशी संबंध तुटू नयेत म्हणून दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांनी काटोलला जावं. ज्याचं नाव घेतलं नाही त्याची निंदा करू नका. "काका दारू पितात" असं लिहिलं की काका कोर्टात ते खोडून काढायला येणारच, आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो.

पैशाचा भाग वेगळा समजून घ्या

पालक दोन प्रकारचा असतो, एक मुलाच्या शरीराचा म्हणजे राहणं, शाळा, दवाखाना, आणि दुसरा मिळकतीचा. एकाच माणसाला दोन्ही देता येतं, वेगवेगळ्या माणसांनाही देता येतं. मावशी प्रेमळ आहे पण हिशोबात कच्ची, तर मिळकतीसाठी मामाला नेमा.

काटोलच्या बागेचं मात्र वेगळं आहे. वाटणी न झालेल्या एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाचा हिस्सा असेल आणि ती घरातला मोठा माणूस सांभाळत असेल तर कलम १२ प्रमाणे त्या हिश्श्यासाठी पालक नेमला जात नाही. म्हणजे विलमध्ये मावशीला "सर्व मिळकतीची पालक" लिहिलं म्हणून ती बागेच्या कारभारात बसू शकत नाही, ते काकाच बघणार. हे आधीच माहीत असलं तर त्यावरून होणारी निम्मी भांडणं होत नाहीत. तुम्हाला ते नको असेल तर जिवंतपणी वाटणी करून घ्या. वाटणी होऊन हिस्सा पोरांच्या नावावर आला की सातबाऱ्यावर पोरांच्या नावापुढं अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून पालकाचं नाव लागतं.

मानेवाड्याचा फ्लॅट पोरांना मिळाला तरी मावशीला तो कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, ५ वर्षांपेक्षा जास्त भाड्यानंही देता येत नाही. परवानगी गरज असेल किंवा पोरांचा उघड फायदा असेल तरच मिळते. परवानगीशिवाय विकला तर मुलगा १८ चा झाल्यावर ३ वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करायला दावा लावू शकतो, त्यामुळे शहाणा खरेदीदार असा फ्लॅट घेतच नाही.

इन्शुरन्समध्ये पोरगं नॉमिनी असेल तर त्याचे पैसे घेण्यासाठी अपॉइंटी म्हणून मोठ्या माणसाचं नाव द्यावं लागतं. ते नाव तुमच्या विलशी जुळतंय का बघा. विलमध्ये मावशी आणि पॉलिसीत दहा वर्षांपूर्वी टाकलेले काका असं असेल तर एक कोटी काकांच्या हाती जातील आणि पोरं मावशीच्या घरी असतील. ते पैसे पोरांचेच, पण काकांकडून काढायला कोर्ट चढावं लागेल. आणि एक, पालकत्व १८ ला संपतं. कोर्टानं पालक नेमला असेल तर आधी २१ धरत, पण १९९९ पासून सगळ्यांना १८ च. बारावीतल्या मुलीच्या हातात एकदम एवढी रक्कम द्यायची नसेल तर विलमध्येच ट्रस्ट करून २३ किंवा २५ पर्यंत टप्प्याटप्प्यानं द्यायची सोय करा, त्यासाठी वकिलाला दोन पैसे जास्त दिले तरी चालतील.

सही, साक्षीदार, रजिस्ट्री

विलला स्टॅम्प ड्युटी नाही, रजिस्ट्री सक्तीची नाही, साध्या कागदावर हातानं लिहिलेलंही चालतं. सक्तीचं एवढंच की तुम्ही सही करायची आणि दोन साक्षीदारांनी ती होताना बघून तुमच्या समोर सही करायची. साक्षीदार तुमच्यापेक्षा लहान, नागपुरातच राहणारे आणि ज्यांना विलमधून काही मिळत नाही असे घ्या, मावशी किंवा मावसाजी नकोत. कारण पुढं विल सिद्ध करायला त्यातला किमान एक साक्षीदार कोर्टात उभा राहावा लागतो, तो अमेरिकेत असला तर पंचाईत.

रजिस्ट्री करा असंच मी सांगेन. दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो आणि अंगठा होतो, आणि नंतर "ही सही त्याची नाहीच" हा वाद बराच कमी होतो. नागपुरातल्या मिळकतीसाठी प्रोबेट, म्हणजे विल खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, सक्तीचं नाही, त्यामुळे लोक मूळ विल कपाटात ठेवून विसरतात. मूळ प्रत कुठं आहे हे मावशीला आणि पर्यायी पालकाला माहीत पाहिजे, झेरॉक्सवर काम अडतं.

आता कोर्टाचं

विलनं नेमलेल्या पालकाला अधिकार कायद्यानंच मिळतो, त्यासाठी आधी कोर्टात जायची सक्ती नाही. पण व्यवहारात शाळा, बँक, पासपोर्ट, सगळे विचारतात कोर्टाचा कागद कुठाय, आणि कोणी विरोध करायच्या बेतात असेल तर मावशी पालक आहे अशी कोर्टाची घोषणा घेऊन ठेवणंच बरं. शरीराच्या पालकत्वासाठी नागपुरात फॅमिली कोर्ट, मिळकतीसाठी जिल्हा न्यायालय. अर्ज तिथं होतो जिथं पोरं नेहमी राहतात. काकांनी अंत्यविधीनंतर पोरांना चार आठवडे काटोलला नेलं म्हणून नेहमीचं राहणं बदलत नाही, पण सहा महिने, वर्ष जाऊ दिलं की तो वाद तयार होतो, म्हणून मावशीनं थांबू नये. सोबत दोघांचे मृत्यूचे दाखले, मूळ विल, पोरांचे जन्मदाखले, स्वतःची लेखी तयारी, जवळच्या नातेवाइकांची नावं-पत्ते आणि पोरांच्या मिळकतीची यादी लागते. नातेवाईक लपवू नका, नोटीस त्यांना जातेच आणि लपवलं की कोर्टाचा विश्वास जातो.

समजा काकांनी हरकत घेतली, वंशाची पोरं आहेत, आमच्याकडेच राहतील. इथं विल असल्याचा पहिला फायदा दिसतो. १८९० च्या कायद्याच्या कलम ७ प्रमाणे विलनं पालक नेमलेला असला की त्याचे अधिकार कायद्यानं संपल्याशिवाय कोर्ट दुसऱ्याला नेमू शकत नाही. म्हणजे काकांना "मी जास्त चांगला" एवढं सांगून भागत नाही, "मावशीला काढा" हे सिद्ध करावं लागतं, आणि काढायची कारणं कलम ३९ मध्ये दिलीत: विश्वासघात, कर्तव्यात सतत कसूर, असमर्थता, पोरांना वाईट वागणूक, चारित्र्यावर डाग आणणारी शिक्षा, पोरांच्या विरोधात जाणारा स्वतःचा स्वार्थ वगैरे. त्यातही तो स्वार्थ तुम्हाला माहीत असून तुम्ही नेमणूक कायम ठेवली असेल तर तेवढ्यासाठी विलमधल्या पालकाला काढत नाहीत. म्हणून मावशीनं तुमच्याकडून उसने पैसे घेतलेत अशी काही गोष्ट असेल तर ती विलमध्ये लिहून टाका, लपवण्यापेक्षा लिहिलेलं तिला वाचवतं.

विल नसतं तर कलम १७ प्रमाणे सगळे एका रांगेत उभे राहिले असते: पोरांचं वय, लिंग, धर्म, पालकाचं चारित्र्य आणि कुवत, नात्याची जवळीक, गेलेल्या आईबापाची इच्छा, पोरांशी आधीचे संबंध. त्यात तुमची इच्छा बऱ्याच गोष्टींपैकी एक.

तरीही विल म्हणजे शेवटचा शब्द नाही. १९५६ च्या कायद्याचं कलम १३ म्हणतं की पोरांचं हित सर्वात वर, आणि पालकत्व त्यांच्या हिताचं नाही असं कोर्टाचं मत झालं तर या कायद्याखालचा कोणाचाच हक्क टिकत नाही. फॅमिली कोर्टाचे समुपदेशक घर बघू शकतात, पोरांशी बोलू शकतात, आणि न्यायाधीश चेंबरमध्ये मुलीला स्वतः विचारू शकतात. ९ वर्षांची मुलगी समजून सांगत असेल तर तिचं ऐकलं जातं, ४ वर्षांच्या मुलाचं फारसं नाही, पण बहीण जिथं तिथं तो हा विचार होतोच. मुलगी पढवलेली आहे का हे अनुभवी न्यायाधीशाला दोन मिनिटांत कळतं, मोठ्या माणसांची वाक्यं तिच्या तोंडून आली की मावशीचंच नुकसान.

मावशीनं या काळात एक गोष्ट पाळावी: पोरांना काटोलला भेटू द्यावं, फोन घेऊ द्यावा आणि त्याची नोंद ठेवावी. जो दुसऱ्या बाजूचं नातं तोडतो त्याच्याबद्दल कोर्टाचं मत खराब होतं, आणि भेटीचा आदेश तर काका-आजोबांना बहुतेक मिळतोच.

विल परत कधी काढून बघायचं

मावशी दुसऱ्या गावी गेली, तिचं लग्न किंवा घटस्फोट झाला, ती आजारी पडली, तुमच्यात आणि तिच्यात काही बिनसलं, नवीन बाळ झालं, बागेची वाटणी झाली, यातलं काहीही झालं की दोघांनी आपापलं विल काढून वाचायचं. बदल पेनानं खाडाखोड करून करू नका. नवीन विल करा, त्यात "यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द" असं लिहा, परत दोन साक्षीदार घ्या, आणि नवऱ्यानं बदललं तर बायकोनंही त्याच आठवड्यात बदलायचं.